बहुतेक नोव्हेंबरपर्यंत असेन

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रविवार ७ सप्टेंबर २०२५ ला, माझी भाची सकाळीच घरी आली. पायातल्या चपला काढता काढताच म्हणाली, “मावशी, मी राजीनामा दिला.” हिंजवडीतल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. नवरा ऑगस्टमध्ये नोकरीसाठी म्युनिकला गेला होता, तिचा व्हिसा नुकताच हातात आला होता आणि २० नोव्हेंबरचं तिकीट काढून झालं होतं. मी स्वतः तेवीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा वर्षं टीम सांभाळण्यात. त्यामुळे माझा पहिला प्रश्न होता, “दाखव बरं, काय लिहिलंस?”

तिने फोन पुढे केला. गुरुवारी रात्री तिने आपल्या मॅनेजरना चॅटवर हे पाठवलं होतं:

“सर, एक सांगायचं होतं. माझ्या नवऱ्याला म्युनिकला जॉब मिळालाय आणि माझा व्हिसा पण आलाय. तर मी बहुतेक नोव्हेंबरपर्यंत असेन. रिलीजचं टेन्शन घेऊ नका, मी बघते सगळं. नवीन जो येईल त्याला शिकवीन. तिकडे गेल्यावर पण काही अडलं तर कधीही पिंग करा, रात्री पण चालेल. अप्रेझलचं थोडं मनात होतं, पण जाऊ दे आता. टीमला खूप मिस करीन.”

खाली सरांचा अंगठा होता आणि “ओह! बोलू आपण” एवढंच. नंतर त्यांचा फोनही आला. माणूस चांगला. म्हणाले, “नवीन मुलगा लवकर मिळाला तर तुला १५ ऑक्टोबरलाच मोकळी करतो, तयारीला वेळ मिळेल.” भाची त्यावर खूश होती.

मी तिला सांगितलं की तू अजून राजीनामा दिलेला नाहीस. तू बातमी दिली आहेस.

हा फरक किती महाग पडतो ते मी जवळून पाहिलं आहे. माझ्या हाताखालच्या एका मुलाने आपल्या प्रोजेक्टच्या मॅनेजरला चॅटवर सांगितलं, त्यांनी “बघू” म्हटलं आणि तीन आठवड्यांनी ते दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले. नव्या मॅनेजरला यातलं काहीच माहीत नव्हतं. एचआरने नोटिशीचे दिवस मोजले ते पोर्टलवर नोंद झाली त्या दिवसापासून. पुढच्या कंपनीत रुजू व्हायची तारीख ठरलेली, त्यामुळे त्या मुलाला एकवीस दिवसांचा पगार भरून सुटका करून घ्यावी लागली. नेमणूकपत्रात ‘लेखी सूचना’ असं लिहिलेलं असतं, आणि लेखी म्हणजे कंपनीच्या मेलवर मॅनेजर आणि एचआर दोघांना गेलेलं पत्र. शिवाय पोर्टल असेल तर तिथे त्याच दिवशी केलेली नोंद. चॅटवर आधी सांगणं ही माणुसकी आहे आणि ती दाखवावीच, कारण मॅनेजरला पोर्टलच्या नोटिफिकेशनवरून कळणं बरं दिसत नाही. फक्त त्याने घड्याळ सुरू होत नाही.

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. शेवटचं पत्र इंग्रजीतच जाणार होतं, पण मी तिला आधी मराठीत लिहायला लावलं. इंग्रजीत लिहायला बसलं की कुठून तरी उचललेली तयार वाक्यं हाताशी येतात आणि आपण नेमकं काय कबूल करतोय ते कळत नाही. तिचा पहिला मसुदा अगदी शाळेत शिकवलेल्या अर्जासारखा आला: ‘मी आपणांस नम्र विनंती करते की कृपया माझा राजीनामा स्वीकारावा. मी नोव्हेंबर महिन्यात कार्यमुक्त होऊ इच्छिते.’

यातले ‘विनंती करते’ आणि ‘इच्छिते’ हे दोन्ही शब्द मी खोडले. रजेच्या अर्जात विनंती असते, कारण रजा द्यायची की नाही हे समोरच्याच्या हाती असतं. नोटीस देऊन नोकरी सोडण्याची मुभा तुमच्या नेमणूकपत्रातच दिलेली आहे, म्हणून हे पत्र म्हणजे सूचना आहे. ‘इच्छिते’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, अजून विचार चाललाय, बोलून वळवता येईल. आपल्याकडे थेट बोलणं उद्धट वाटतं, म्हणून क्रियापद मऊ करायची सवय असते. इथे ती बाजूला ठेवावी लागते. ‘मी राजीनामा देत आहे’ हे वाक्य पुरेसं नम्र आहे.

त्यानंतर तारीख. चॅटमध्ये होतं ‘बहुतेक नोव्हेंबरपर्यंत’. मी तिला नेमणूकपत्र उघडायला सांगितलं. तिने ते पाच वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं, पण मेलमध्ये सापडलं. त्यात होतं, लेखी सूचना दिल्यापासून साठ कॅलेंडर दिवस. सोमवारी ८ सप्टेंबरला पत्र गेलं, तर ९ तारीख हा पहिला दिवस. सप्टेंबरचे बावीस, ऑक्टोबरचे एकतीस, मिळून त्रेपन्न. उरलेले सात नोव्हेंबरचे. साठावा दिवस म्हणजे ७ नोव्हेंबर, आणि तो शुक्रवार निघाला. पत्राचा दिवसही मोजायचा म्हटलं तर ६ तारीख येते. करारात ‘साठ कामाचे दिवस’ असते तर सुट्ट्या न धरताही हीच मोजणी १ डिसेंबरवर गेली असती आणि तिकीट वाया गेलं असतं. म्हणून दिवस बोटांवर मोजण्याआधी ते वाक्य वाचायचं. दुसरं एक कलम त्याच पानावर होतं: नोटिशीच्या काळात घेतलेली रजा नोटिशीला जोडली जाईल. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. त्या आठवड्यात तिला दोन दिवस जादा हवे होते. ते घेतले तर शेवटचा दिवस पुढे सरकेल का, हे तिने सोमवारीच एचआरला विचारायचं ठरलं.

हे सगळं झाल्यावर मी सहज विचारलं, “तू रुजू कधी झालीस?” उत्तर आलं, २ नोव्हेंबर २०२०. आणि मी पेन खाली ठेवलं.

१९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग पाच वर्षं नोकरीची अट होती. तिची पाच वर्षं १ नोव्हेंबर २०२५ ला पूर्ण होणार होती. सरांनी चांगुलपणाने देऊ केलेली १५ ऑक्टोबर ही तारीख त्याच्या सतरा दिवस अलीकडे पडत होती. चार वर्षं आणि २४० दिवस झाले तरी पाचवं वर्ष पूर्ण धरावं, असा अर्थ काही न्यायनिर्णयांत लावलेला आहे, पण पुष्कळ कंपन्या पूर्ण पाच वर्षांवरच अडून बसतात, आणि म्युनिकमध्ये बसून पुण्यात भांडण कोण लढणार? हिशेब सोपा होता: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. तिचा मूळ पगार होता ४०,००० आणि महागाई भत्ता वेगळा नव्हता. पंधराने गुणून सव्वीसने भागलं की २३,०७७ येतात, पाच वर्षांचे १,१५,३८५ रुपये. ‘लवकर मोकळी करतो’ला ‘थँक यू सर’ म्हणण्याची ही किंमत होती. सरांच्या डोक्यात हे नव्हतं, एचआरने आपणहून सांगितलं नसतं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कायम नोकरीत असलेल्यांसाठी पाच वर्षांची अट त्यांतही आहे.)

बऱ्याच पत्रांत रीत म्हणून एक ओळ टाकलेली असते: ‘शक्य झाल्यास मला याहून लवकर कार्यमुक्त करावे.’ ज्याला खरंच लवकर जायचं असेल आणि ज्याने सगळे हिशेब तपासले असतील त्याने ती लिहावी. भाचीच्या पत्रात ती ओळ आली नाही, आणि तिने सरांना फोन करून सांगितलं की ७ नोव्हेंबरच बरी.

कारण किती लिहायचं यावर आमचं थोडं वाजलं. तिला नवऱ्याची नोकरी, शहर, व्हिसा, सगळं लिहायचं होतं. तिचं म्हणणं, लपवायचं काय त्यात? लपवायचं काहीच नाही. पण हे पत्र एचआरच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं आणि चॅटमधला मजकूर ज्याच्यासाठी होता तो माणूस ते वाचणारच असं नाही. ‘कुटुंबासह राहण्यासाठी परदेशी जात आहे’ एवढं वाक्य खरं आहे आणि पुरेसं आहे. त्यात एक सोयही आहे. कारण ठोस असलं की पगारवाढीचं बोलणं निघत नाही. अप्रेझलची ओळ मात्र मी पूर्ण काढायला लावली. ती तक्रार रास्त होती. तिने ती जाण्याआधीच्या मुलाखतीत, समोरासमोर, दोन उदाहरणं देऊन मांडावी असं मी सुचवलं, आणि तिने तसं केलं. राजीनाम्यात अर्धी ओळ टाकून ‘जाऊ दे’ म्हटलं तर तक्रारही पोचत नाही आणि कडवटपणा मात्र कागदावर राहतो.

आता ज्या भागावर आमची दुपार गेली तो. चॅटमधलं वाक्य होतं, ‘मी बघते सगळं, नवीन येईल त्याला शिकवीन.’ प्रत्येक राजीनाम्यात याचं एक कोरडं रूप असतं: ‘कामाचे सुरळीत हस्तांतरण करण्यास मी सहकार्य करीन.’ असली शेकडो पत्रं मी वाचली आणि त्यातल्या एकावरूनही मला कळलं नाही की तो माणूस उद्या नेमकं काय देणार आहे. डेव्हलपर गेला तर त्याचा कोड तरी मागे राहतो. टेस्टर गेला की त्याच्याबरोबर जातं ते म्हणजे कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही याचं ज्ञान. ते कुठल्याच टिकेटमध्ये नसतं.

तिचं काम होतं विम्याचे हप्ते ऑनलाइन भरण्याच्या प्रणालीचं. रोज रात्री ऑटोमेशनच्या दोनशेदहा टेस्ट आपोआप चालायच्या आणि सकाळी रिपोर्ट यायचा. मी विचारलं, “रिपोर्ट लाल आला तर तू काय करतेस?” ती म्हणाली, “बघते कुठल्या लाल आहेत. चौदा टेस्ट अशा आहेत की त्या मधूनच पडतात. त्यातल्या नऊ पडल्या तर काही नसतं, रात्री दोनला टेस्ट सर्व्हर रीस्टार्ट होतो, तेव्हा मध्ये सापडतात. पुन्हा चालवल्या की हिरव्या. पण ओटीपीच्या पाच पडल्या तर थांबायचं, त्या दोनदा खऱ्या निघाल्यात.” हे तिच्या डोक्यात होतं, बाकी कुणालाच माहीत नव्हतं. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात चौदाही लाल टेस्टना घाबरला असता आणि तिसऱ्या आठवड्यात चौदांकडेही दुर्लक्ष करायला शिकला असता. त्यातलं दुसरं जास्त धोक्याचं.

पुढचा प्रश्न टेस्ट डेटाचा. आयुर्विम्यात हप्ता चुकला तर वाढीव मुदत मिळते: मासिक हप्त्याला पंधरा दिवस, बाकीच्यांना तीस. टेस्टर अशा नियमाच्या नेमक्या काठावर उभा राहून तपासतो. तारीख उलटून पंधरा दिवस झालेली खोटी पॉलिसी हप्ता स्वीकारते का, सोळा दिवस झालेली अडवते का. तसंच तीस आणि एकतीस. पण या खोट्या पॉलिसींच्या तारखाही खऱ्या दिवसांबरोबर म्हाताऱ्या होतात. आज पंधरा दिवस थकलेली पॉलिसी पुढच्या सोमवारी बावीस दिवस थकलेली असते. म्हणून भाची दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट चालवून सगळ्या तारखा सरकवायची. ही स्क्रिप्ट तिच्या लॅपटॉपवर होती! टीमच्या सामायिक जागेत तिची नोंदही नव्हती. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ‘अडवली पाहिजे’ म्हणणाऱ्या टेस्ट हिरव्याच राहिल्या असत्या, कारण तेवीस दिवस थकलेली पॉलिसीही अडवलीच जाते. सोळाव्या दिवशीची चूक कुणी पकडत नाहीये, हे मात्र रिपोर्ट सांगणार नाही. ‘स्वीकारली पाहिजे’ म्हणणाऱ्या टेस्ट लाल झाल्या असत्या आणि कुणी तरी डेव्हलपर दोन दिवस नसलेला बग शोधत बसला असता.

यापेक्षाही साधी एक गोष्ट आहे आणि मी ती किमान चार टीममध्ये घडलेली पाहिली आहे. रात्रीचं ते रन कुणाच्या लॉगिनवर चालतं? तिच्याच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आयटीवाले माणसाचं लॉगिन बंद करतात, तेच बरोबर आहे. त्याच रात्री रन थांबतं. आणि रिपोर्ट लाल येण्याऐवजी येतच नाही, म्हणून आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. उपाय एवढाच, की नोटिशीच्या पहिल्या दहा दिवसांत ती कामं टीमच्या सामायिक खात्यावर हलवायची. मग तिचं लॉगिन वापरातून पूर्ण काढून एक रात्र चालवून बघायची. ही परीक्षा ती असतानाच व्हायला हवी.

चौथी यादी उघड्या बगांची. सदतीस बग अजून उघडे होते. त्यातले काही चालढकलीने राहिलेले, काही मात्र क्लायंटने ‘असू दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवलेले. टिकेटवर दोन्ही सारखेच दिसतात. कुणी, कधी, कुठल्या मीटिंगमध्ये ‘असू दे’ म्हटलं ते तिने प्रत्येकापुढे एका ओळीत लिहायचं ठरवलं. हे नसेल तर नवा माणूस तोच बग पुन्हा तावातावाने मांडतो आणि त्याला ऐकून घ्यावं लागतं.

हे सगळं राजीनाम्यात लिहायचं का? नाही. पत्रात दोन-तीन ओळी आणि तारखा. तपशील वेगळ्या हस्तांतरणाच्या तक्त्यात, जो टीमकडे राहील. पासवर्ड तर दोन्हीकडे नाहीत. ते कंपनीच्या ठरलेल्या व्यवस्थेतूनच नव्या माणसाला मिळायला हवेत. पण तारखांचा आराखडा पत्रात असणं मी आवश्यक मानते, कारण त्यामुळे मॅनेजरवर एक सौम्य जबाबदारी येते: अमुक तारखेपर्यंत त्याने शिकणारा माणूस दिला पाहिजे. नाही तर साठातले पंचावन्न दिवस ‘माणूस बघतोय’ म्हणण्यात जातात आणि शेवटच्या पाच दिवसांत आठ तासांच्या केटी होतात, ज्यात शिकणारा नुसता मान डोलावतो. आयटीत हस्तांतरणाला केटी म्हणतात, आणि तिची खरी कसोटी उलट्या केटीत लागते. नवा माणूस एक पूर्ण फेरी स्वतः चालवतो, जाणारा शेजारी बसून फक्त बघतो आणि हात मागे ठेवतो. जिथे तोंड उघडावं लागतं, तिथे तक्त्यात काहीतरी राहिलेलं असतं.

‘रात्री पण चालेल’ या वाक्यावर मी ठाम होते. उन्हाळ्यात म्युनिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, २६ ऑक्टोबरला तिकडची घड्याळं बदलली की साडेचार तास. पुण्यात सकाळी दहाला रिलीज अडलं तर तिचा फोन पहाटे साडेपाचला वाजणार. त्याहून गंभीर गोष्ट ही, की नोकरी संपल्यावर क्लायंटच्या सिस्टीमला हात लावण्याचा तिला अधिकारच नाही. स्क्रीन शेअर करून ‘जरा बघ ना’ म्हणणंही गोपनीयतेच्या करारात बसत नाही. सोडून गेलेल्या माणसाने प्रेमापोटी केलेली अशी मदत उद्या चौकशीत उभी राहू शकते. म्हणून देऊ केलेल्या मदतीला कुंपण घातलं: फक्त तक्त्यातल्या मजकुराबद्दलचे प्रश्न, फक्त मेलवर, ३० नोव्हेंबरपर्यंत, सिस्टीमला हात न लावता. मला विचाराल तर एवढंही बंधनकारक नाही. पण तिला टीमबद्दल खरोखर जिव्हाळा होता, आणि मर्यादा लिहिली की जिव्हाळा दाखवायला हरकत नसते.

शेवटची मागणी अनुभवपत्राची. पुण्यातल्या कंपन्या सहसा चार ओळींचं पत्र देतात: अमुक पदावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. जर्मनीत कर्मचाऱ्याने केलेल्या कामाचं वर्णन आणि त्याचं मूल्यमापन असलेलं पत्र मागणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तिकडे त्याला आर्बाइट्सत्सॉइग्निस म्हणतात आणि नोकरी देणारे ते बारकाईने वाचतात. ब्ल्यू कार्डवर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येते, त्यामुळे भाचीला हे कागद लगेच लागणार होते. कंपनीने जर्मन पद्धतीचं पत्र द्यावं अशी अपेक्षा नाही. पण ‘केलेल्या कामांचा उल्लेख असावा’ अशी विनंती सुरुवातीलाच केली आणि सोबत सहा ओळींचा मसुदा दिला, तर एचआर सहसा अडवत नाही. विनंती हा शब्द या एका जागी अगदी योग्य आहे.

संध्याकाळी पाचला जे तयार झालं ते असं:

विषय: राजीनामा व साठ दिवसांची सूचना

सर,

या पत्राद्वारे मी सीनियर टेस्ट इंजिनीअर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीनुसार साठ कॅलेंडर दिवसांची सूचना आज, सोमवार ८ सप्टेंबर २०२५ रोजी देत असून माझ्या कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५ असेल. मी कुटुंबासह राहण्यासाठी परदेशी जात आहे.

हस्तांतरणाचा लेखी तक्ता (रात्रीच्या टेस्ट, टेस्ट डेटा, उघडे बग, लॉगिन व उपकरणे) मी २६ सप्टेंबरपर्यंत टीमच्या सामायिक जागेत ठेवीन. माझे काम घेणारी व्यक्ती २९ सप्टेंबरपर्यंत ठरल्यास दिवाळीपूर्वी तिच्यासोबत सर्व भाग पूर्ण होतील. २७ ते ३१ ऑक्टोबर या आठवड्यात तिने संपूर्ण फेरी स्वतः चालवावी आणि मी फक्त निरीक्षण करावे, असे सुचवते. शेवटच्या दिवसानंतर तक्त्यातील मजकुराबाबत प्रश्न आल्यास ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत मी मेलवर उत्तरे देईन. यात कोणत्याही सिस्टीमचा वापर अंतर्भूत नसेल.

या राजीनाम्याची पोच आणि वरील शेवटच्या दिवसाची खात्री मेलवर कळवावी. अनुभवपत्रात माझ्या कामांचा उल्लेख असावा अशी विनंती आहे. मसुदा सोबत जोडला आहे. ७ नोव्हेंबरनंतरच्या पत्रव्यवहारासाठी माझा वैयक्तिक मेल खाली दिला आहे.

पाच वर्षांत तुमच्याकडून आणि टीमकडून जे शिकले त्याबद्दल मनापासून आभार.

खाली नाव, कर्मचारी क्रमांक, वैयक्तिक मेल. चॅटमधलं ‘टीमला खूप मिस करीन’ हे वाक्य तिने शेवटच्या दिवशी टीमला लिहिलेल्या मेलमध्ये वापरलं, आणि तिथे ते शोभलं.

वैयक्तिक मेलची ओळ किरकोळ वाटते, पण लॉगिन गेलं की पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ तिकडेच यायला हव्यात. पीएफच्या नोंदीत कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे तिने इथे असतानाच पाहायचं होतं. आणि आधारशी जोडलेला भारतीय मोबाइल नंबर चालू ठेवायचा होता, कारण पीएफचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. ज्यांनी विमानतळावर जाताना सिम बंद केलं, त्यांना पुढे फार वणवण करावी लागली आहे.

सोमवारी सकाळी साडेदहाला मेल गेला, अकराला पोर्टलवर नोंद झाली. पोच आली ती बुधवारी, तीही एचआरला एकदा आठवण केल्यावर: राजीनामा मिळाला, शेवटचा दिवस ७ नोव्हेंबर. दिवाळीची रजा नोटिशीला जोडली जाईल असंही त्याच मेलमध्ये होतं. मग तिने जादा रजा घेतलीच नाही, भाऊबीजेची सुट्टी कंपनीची होती तेवढीच मिळाली. माणूस २९ सप्टेंबरला नाही, ६ ऑक्टोबरला मिळाला. उलट्या केटीत त्या मुलाला तिसऱ्याच दिवशी कळेना की सोमवारची स्क्रिप्ट चालवताना सुट्टीचा सोमवार आला तर काय करायचं. तक्त्यात ते नव्हतं. भाचीने त्याच दुपारी ते लिहिलं.

अनुभवपत्र पहिल्यांदा चार ओळींचंच आलं. तिने पत्रातली विनंती आणि जोडलेला मसुदा दाखवून परत पाठवलं, तेव्हा १८ नोव्हेंबरला कामांच्या वर्णनासह सही-शिक्क्याचं नवं पत्र मिळालं, तिकिटाच्या दोन दिवस आधी. ग्रॅच्युइटीचे १,१५,३८५ रुपये डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा झाले.